उतारावरच्या लांब लाइनीत पीसी ड्रिपर पाणी सारखे कसे ठेवतो, आणि कुठे ठेवू शकत नाही

प्रश्न : लांज्याजवळ वरकस उतारावर हापूसची दोन वर्षांची कलमे आहेत. टाकी वर सड्यावर आहे. तिथून १६ मिमीच्या १२ लाइनी सरळ उताराने खाली सोडल्यात. प्रत्येक लाइन १२० मीटर, वरपासून खालपर्यंत उतार साधारण १५ मीटर. एका लाइनीवर २० कलमे, प्रत्येक कलमाला ताशी ४ लिटरचे दोन साधे ड्रिपर. टाकीच्या पाण्याची पातळी लाइनीच्या तोंडापेक्षा ६ मीटर उंच. रोज अर्धा तास पाणी देतो. खालच्या आळ्यांत चिखल होतो आणि वरची कलमे मार्चपासूनच माना टाकतात. दुकानदार म्हणतो, सगळीकडे पीसी, म्हणजे दाब बदलला तरी सारखेच पाणी सोडणारे ड्रिपर लावा. दाब वेगळा असून पाणी सारखे कसे येईल, आणि आमचे काम त्याने होईल का?

उत्तर : काम होईल, पण अर्धेच. तुमच्या उतारावर पाणी दोन वेगवेगळ्या कारणांनी खाली पळते आहे. पीसी ड्रिपर त्यातले एकच कारण मिटवतो. दुसऱ्यासाठी पाणी देण्याची पद्धत बदलावी लागेल, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

आधी दाबाचा हिशेब मांडू. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे जवळजवळ १ किलो दाब. टाकी ६ मीटर उंच असली तरी फिल्टर, व्हॉल्व्ह आणि जोड यांत दोनेक मीटर जातातच, म्हणजे लाइनीच्या तोंडाशी ४ मीटर उरतात. तिथून खाली दर मीटरला उतार साडेबारा सेंटीमीटर दाब वाढवत नेतो. पाइपात घासून जो दाब कमी होतो तो तुमच्याकडे नगण्य आहे, कारण एका लाइनीतून ताशी १६० लिटरच पाणी जाते आणि त्यासाठी १२० मीटरमध्ये अर्धा मीटरच्या आसपास खर्च होतो. सपाट शेतात लांब लाइनीचे दुखणे हे घर्षण असते, शेवटचे झाड उपाशी राहते. आपल्याकडे उलटे घडते. उतार १५ मीटर देतो, घर्षण अर्धा मीटर घेते, म्हणून पहिले झाड उपाशी राहते आणि शेवटच्याला अजीर्ण होते.

पहिल्या कलमापाशी (तोंडापासून ६ मीटरवर) दाब पावणेपाच मीटर, शेवटच्या कलमापाशी साडेअठरा मीटर. साध्या ड्रिपरमध्ये पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने बदलते, म्हणजे दाब चौपट झाला की पाणी दुप्पट. १० मीटरला ४ लिटर देणारा ड्रिपर वर पावणेतीन लिटर देतो आणि खाली जवळजवळ साडेपाच. नुसत्या दाबाने दुप्पट फरक पडला. तुमच्या खालच्या आळ्यांतला चिखल मात्र दुपटीने होणारा नाही, तिपटीचा आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

आता पीसी ड्रिपरच्या पोटात काय असते ते पाहू. काही जातींचे झाकण उघडता येते, जमले तर एक उघडून बघाच. आत नागमोडी वाट असते, अगदी साध्या ड्रिपरसारखी. पाणी त्या वळणांवर आपटत जाते आणि दाब गमावते. फरक इतकाच की नागमोडी वाटेनंतर एक छोटी खोली असते आणि तिच्या डोक्यावर सिलिकॉनची मऊ चकती बसवलेली असते. चकतीच्या वरच्या बाजूला लाइनीचा पूर्ण दाब असतो. खालच्या बाजूला खोलीतला दाब, म्हणजे वळणांत खर्च होऊन उरलेला. खोलीच्या तळाशी बाहेर पडायचे भोक असते आणि त्याच्या काठाला एक बारीक खाच असते.

लाइनीतला दाब वाढला की चकती खाली वाकते आणि भोकाच्या जवळ येते. बाहेर पडायची फट अरुंद होते. फट अरुंद झाली की पाणी खोलीत तुंबते आणि खोलीतला दाबही वाढतो. तो वाढलेला दाब चकतीला खालून वर रेटतो. दोन्ही बाजूंच्या रेट्यांत चकतीच्या ताठपणाइतका फरक उरला की ती तिथे स्थिरावते. लाइनीत १० मीटर असोत की ३० मीटर, चकतीच्या वर आणि खाली असलेल्या दाबांतला फरक जवळपास तोच राहतो. आणि तो फरक म्हणजेच नागमोडी वाटेच्या दोन टोकांमधला फरक. वाटेतून किती पाणी जाईल हे त्या फरकावरच ठरते, म्हणून पाणी बदलत नाही.

पाटाने पाणी लावणारा अनुभवी गडी आठवा. वरून लोंढा वाढला की तो बाऱ्यावर ढेकूळ सरकवतो, कमी झाला की काढतो, आणि वाफ्यात जाणारी धार सारखी ठेवतो. चकती तेच करते, फक्त प्रत्येक ड्रिपरमध्ये वेगळा गडी बसलेला असतो. त्याला शेजारच्या ड्रिपरशी काही देणेघेणे नाही.

पण या गड्याला फक्त अडवता येते. वरून पाणीच कमी आले तर तो ढेकूळ पूर्ण काढून हात बांधून उभा राहतो. पीसी ड्रिपर जादा दाब खातो, नसलेला दाब आणत नाही. म्हणून प्रत्येक पीसी ड्रिपरला एक किमान दाब असतो. त्याच्या खाली चकती वाकतच नाही आणि ड्रिपर साध्यासारखा वागतो, दाब कमी तसे पाणी कमी. कमाल दाबही असतो, तो बहुतेकांचा ४ किलोच्या आसपास. तुमच्या शेवटच्या कलमाला साडेअठरा मीटर म्हणजे पावणेदोन-दोन किलो, ती चिंता नाही. तुमची चिंता वरच्या टोकाला आहे.

आणि इथे ड्रिपर घेताना चूक होते. ही मी स्वतः केलेली आहे. राजापूरकडच्या एका उतारावर, अशीच सड्यावरची टाकी, मी दर आणि ताशी लिटर बघून पीसी ड्रिपर लावून दिले. खालची दोन तृतीयांश बाग एकदम सुतासारखी आली, प्रत्येक आळ्यात सारखे पाणी. वरच्या सहा-सात ओळी मात्र जशाच्या तशा कोरड्या. बागायतदाराला वाटले ड्रिपर बनावट, मला वाटले लाइनीत कचरा. दोन दिवस लाइनी धुण्यात घालवल्यावर माहितीपत्रक नीट वाचले. त्या ड्रिपरचा किमान दाब १ किलो होता आणि वरच्या ओळींना अर्ध्या किलोच्या आसपासच मिळत होता. ड्रिपर चांगले होते, निवड माझी चुकली होती.

तुमच्या लाइनीवर हाच हिशेब करा. किमान १ किलोवाला ड्रिपर घेतला तर १० मीटर दाब तोंडापासून ४८ मीटरवर मिळतो. म्हणजे वरची आठेक कलमे आज आहेत तिथेच राहतील, आणि नेमकी तीच माना टाकणारी आहेत. पैसे खालच्या बारा कलमांवर खर्च होतील. किमान अर्ध्या किलोवाला घेतला तर तो ५ मीटरला काम करू लागतो आणि तितका दाब तोंडापासून आठ मीटरवरच येतो. पहिले एक कलम जेमतेम राहील, त्याला तिसरा ड्रिपर लावून टाका. बाकी एकोणीस बरोबर चालतील. म्हणून दुकानात जाऊन "पीसी द्या" एवढे म्हणू नका. "कामाचा दाब किती ते किती?" असे विचारा आणि त्यातला पहिला आकडा बघा. ०.५ ते ४ किलो असा पल्ला असलेले ड्रिपर मिळतात.

दाब खरेच किती आहे हे मोजायला बाजारातले १० किलोपर्यंतचे घड्याळ तुमच्या कामाचे नाही, त्याचा काटा अर्ध्या किलोला जागचा हलतो की नाही हेच कळत नाही. पहिल्या कलमाजवळ एक ड्रिपर काढा, त्या भोकात जोड घालून पाच-सहा मीटरची पारदर्शक नळी लावा, आणि ती उभ्या बांबूला किंवा पोफळीच्या वाश्याला बांधून सगळ्या लाइनी चालू करा. नळीत पाणी जितके वर चढेल तितके मीटर दाब. याहून नेमके घड्याळ मिळणार नाही. हीच नळी फिल्टर धुवायच्या आधी आणि धुतल्यावर लावून बघा. टाकीच्या उंचीवर चालणाऱ्या ठिबकात मळका फिल्टर सगळ्यात महाग पडतो. त्याने आणखी २ मीटर खाल्ले तर पहिल्या कलमाला पावणेतीन मीटरच उरतात, ५ मीटर दाब तोंडापासून २४ मीटरवर सरकतो आणि वरची तीन-चार कलमे पुन्हा उपाशी. खालच्या कलमांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे खालून फेरी मारणाऱ्याला सगळे छान दिसते.

आता तो तिसऱ्या पटीचा हिशेब. १६ मिमीच्या पाइपात मीटरला साधारण १५० मिली पाणी मावते. १२० मीटरची लाइन म्हणजे १८ लिटर. तुम्ही व्हॉल्व्ह बंद करता तेव्हा हे १८ लिटर लाइनीत उभेच असतात आणि उतारावर ते खालच्या ड्रिपरांतूनच बाहेर पडतात. पातळी उतरत जाते तसे वरचे ड्रिपर एकेक करून थांबतात. मधले कलम चार-पाच मिनिटांत थांबते आणि त्याला अर्धा-पाऊण लिटर जादा मिळते. अगदी खालचे अर्धा तास तरी टपकत राहते आणि त्याला तीन लिटरच्या आसपास जादा जाते. सगळ्या लाइनींना पाणी पोचवणाऱ्या सबमेनमधले पाणी त्यावर आणखी.

आजचे चित्र असे : अर्ध्या तासात पहिल्या कलमाला पावणेतीन लिटर, शेवटच्याला साडेपाच आणि वर बंद केल्यानंतरचे तीन, एकूण साडेआठ. तिप्पट. पीसी ड्रिपर लावल्यावर पहिल्या कलमाला ४ (तिसरा ड्रिपर धरून), शेवटच्याला ४ आणि वर ३, म्हणजे ७. फरक कमी झाला, पण गेला नाही. चकती चालू लाइनीत पाणी सारखे ठेवते. व्हॉल्व्ह बंद केल्यावर उरलेले पाणी कुठे जावे हे तिच्या हातात नाही.

दुकानदार यावर दुसरा ड्रिपर दाखवेल, बंद झाल्यावर न गळणारा, ज्याला सीएनएल म्हणतात. त्यात चकती दाब उतरल्यावर भोक पूर्ण मिटवते. ऐकायला हे औषध अगदी बरोबर वाटते. पण तो मिटतो कधी? त्याच्या जागेवरचा दाब दीड-दोन मीटरच्या खाली गेल्यावर. तुमच्या शेवटच्या ड्रिपरवर लाइन बंद झाल्या क्षणी १५ मीटर पाण्याचा खांब उभा असतो. तो खांब दीड-दोन मीटर होईपर्यंत ड्रिपर उघडाच राहणार. म्हणजे लाइनीतले बहुतेक पाणी निघूनच जाते आणि फक्त शेवटची बारा ते सोळा मीटर लाइन भरलेली राहते. सरळ उताराने टाकलेल्या लाइनीसाठी या जातीला जादा पैसे देऊ नका. लाइनी आडव्या, समपातळीवर टाकल्या असतील आणि एका लाइनीत चढउतार दोन मीटरच्या आत असेल, तिथे ती खरोखर उपयोगी आहे.

तुमच्यासाठी उपाय साधा आहे : रोज अर्ध्या तासाऐवजी चार दिवसांनी दोन तास. प्रत्येक वेळी लाइन रिकामी होण्याचा फटका तेवढाच, तीन लिटरचा, पण आता तो १६ लिटरांवर बसतो. पहिल्या कलमाला १६, शेवटच्याला १९. खड्डा मीटरभर काढून त्यात माती आणि शेणखत भरले असेल आणि आळ्यावर गवताचे आच्छादन असेल तर दोन वर्षांच्या कलमाला हे अंतर झेपते. नुसत्या कातळाच्या फटीत लावलेली कलमे असतील तर खड्डा तितके पाणी धरणार नाही. तिथे दोन दिवसांनी एक तास द्या आणि थोडा फरक सोसा.

रिकाम्या होणाऱ्या लाइनीची आणखी एक खोड सांगतो. पाणी खाली उतरताना वर पोकळी तयार होते आणि वरचे ड्रिपर हवा आत ओढतात. ड्रिपर चिखलात टेकलेला असेल तर हवेबरोबर तांबडी मातीही आत जाते. म्हणून सबमेनच्या सगळ्यात उंच जागी हवा आत-बाहेर करणारा व्हॉल्व्ह हवाच. आणि ड्रिपर मातीत पुरू नका, दगडाच्या चिपेवर टेकवा.

ही माती आत गेली की पीसी ड्रिपर साध्यापेक्षा वेगळा बिघडतो. साधा ड्रिपर तुंबला की पाणी कमी येते. पीसीमध्ये वाळूचा कण चकती आणि भोक यांच्या मध्ये अडकला तर चकती टेकूच शकत नाही, आणि तो ड्रिपर जास्त पाणी सोडतो. गडी बाजूला बसवल्यासारखे होते. जांभ्याच्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर तांबूस बुळबुळीत थर चढतो, तो आधी नागमोडी वाट भरतो आणि पाणी कमी करतो. दोन्ही दुखणी एकाच बागेत असू शकतात.

ओळखायचे कसे? मोजून. ताशी ४ लिटर म्हणजे तीन मिनिटांत २०० मिली, पाणी प्यायचा एक पेला. लाइन चालू करून दहा मिनिटे थांबा, मग पहिल्या, सातव्या, चौदाव्या आणि विसाव्या कलमाच्या ड्रिपरखाली पेला धरा. आकड्यांपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा. फक्त वरचे कमी आणि खालचे सगळे सारखे असतील तर दाब अपुरा आहे, ड्रिपरला हात लावू नका, फिल्टर धुवा. वरून खाली पाणी एकसारखे वाढत गेले तर तुम्हाला पीसी म्हणून साधेच ड्रिपर दिलेत, किंवा चकत्या कडक होऊन गेल्यात. वाढीला काहीच क्रम नसेल, चौदाव्याला दीड पेला आणि शेजारच्या तेराव्याला बरोबर एक, तर चकतीखाली कण आहे. लाइनीचे शेवटचे टोक उघडून जोराने धुवा आणि पुन्हा मोजा. सगळीकडेच कमी असेल आणि वरचा दाब ठीक असेल तर लोहाचा थर. तिथे धुऊन भागत नाही, ड्रिपर उघडून बघावे लागतात.

कोणी छोटा पंप लावून दाब वाढवा असे सुचवले तर एकच गोष्ट तपासा. पंपाने १० मीटर वाढवले की वरचे टोक सुखी होते, पण खालच्या टोकाला पावणेतीन-तीन किलो होतात. ड्रिपर ते सोसतो, पाइप सोसेलच असे नाही. १६ मिमीचे पातळ पाइप अडीच किलोचेही असतात. पाइपवर छापलेला दाब वाचा, नाहीतर एखाद्या दुपारी खालचा जोड निसटून सगळी टाकी पऱ्यात जाईल. तुमच्या बाबतीत अर्ध्या किलोचा ड्रिपर मिळत असताना पंपाची गरज मला दिसत नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या तुकड्यात नवी लागवड कराल तेव्हा लाइनी उताराने सोडू नका. सबमेन उताराने खाली न्या आणि लाइनी आडव्या, समपातळीत काढा. मग एका लाइनीत दाबाचा फरक उरतच नाही. प्रत्येक लाइनीच्या तोंडाशी छोटा व्हॉल्व्ह ठेवून दाब आवळला तर साधे ड्रिपरही चालतील, फक्त ते व्हॉल्व्ह गड्यामाणसांनी फिरवू नयेत हे बघावे लागते. मी अशा जागीही पीसीच लावतो, ते याच एका कारणासाठी.

आता लगेच ४८० ड्रिपर आणू नका. ४० आणा, एका लाइनीवर लावा, पहिल्या कलमाला एक जादा. नळी लावून वरचा दाब लिहून ठेवा, चार ठिकाणी पेला धरा. पंधरा दिवस ती लाइन दोन तासांच्या पाळीवर चालवा आणि फिल्टर न धुता पुन्हा मोजा. पहिल्या कलमाचा पेला तेवढ्या दिवसांत किती उतरला त्यावरून फिल्टर किती दिवसांनी धुवायचा ते ठरेल. मग बाकीच्या अकरा लाइनींची ऑर्डर द्या.